मंगळवारची मीटिंग आणि साहेबांचे मार्क

मीटिंग कशी झाली, हे ती घेणाऱ्याला विचारावं की तिला बसलेल्यांना? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या केंद्रात स्टीव्हन रोगेलबर्ग हे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं मीटिंगांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: त्याच खोलीत, त्याच वेळी झालेल्या मीटिंगबद्दल ती घेणारा बाकीच्यांपेक्षा जास्त समाधानी असतो. यात लबाडी नसते. जो जास्त बोलतो त्याला वेळ भरून गेल्यासारखा वाटतो, आणि बहुतेक मीटिंगांत सर्वांत जास्त बोलणारा माणूस टेबलाच्या डोक्याशी बसलेला असतो. म्हणून एखाद्या व्यवस्थापकाला मीटिंग घेता येते का, हे ठरवायचं असेल तर त्याच्या स्वतःच्या मतावर विसंबून चालत नाही. बसलेल्यांना विचारावं लागतं. पण विचारायचं कसं आणि आलेल्या उत्तरांतून काय वाचायचं, इथेच बहुतेक कंपन्यांची गाडी अडते. माझा सगळा जीव या दुसऱ्या प्रश्नात आहे.

एक कारखाना डोळ्यांसमोर आणू या. चाकण पट्ट्यातला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. दर मंगळवारी सकाळी 10 ते 11 प्लांटची आढावा बैठक असते. प्लांट मॅनेजर ती घेतात. समोर नऊ जण: प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी, प्लॅनिंग, स्टोअर्स, डिस्पॅच, सेफ्टी, आणि फोनवरून दोघं. फोनवरच्यांपैकी एक भोसरीच्या ऑफिसात बसणारा परचेसचा माणूस, दुसरा रात्रपाळीचा सुपरवायझर. त्याची पाळी सकाळी 7 ला सुटलेली असते. कारखाना आणि आकडे मी हिशेब समजावा म्हणून मांडले आहेत, पण अशा मंगळवारांत बसलेल्या वाचकाला ही माणसं ओळखीची वाटतील.

एचआर विभाग ठरवतो की या मीटिंगला मार्क द्यायचे. चार बाजू आहेत: अजेंडा, वेळेचा वापर, सगळ्यांना सामावून घेणं आणि ठरलेल्या कामांचा पाठपुरावा. सहज सुचणारी पद्धत अशी की वर्षाअखेरीस एक फॉर्म पाठवायचा. ‘साहेब मीटिंग प्रभावीपणे घेतात का?’ 1 ते 5 पैकी गोल करा. या फॉर्ममधून मीटिंगबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. उत्तर देणाऱ्याला गेल्या वर्षातले पन्नास मंगळवार आठवत नाहीत. त्याला साहेब आठवतात. साहेब आवडत असतील तर चारही रकान्यांत 4 किंवा 5 पडतात, मागच्या महिन्यात सुट्टी नाकारली असेल तर चारही ठिकाणी 2. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले, तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं. माणसाबद्दलचं एक एकूण मत बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, अगदी शरीरयष्टी अशा सगळ्या गुणांवर सांडतं. याला त्यांनी नाव दिलं हॅलो इफेक्ट. आपण म्हणू, एकाच गुणाच्या प्रभेत सगळं उजळून दिसणं. आपल्या फॉर्ममध्ये ते ओळखायची खूण सोपी आहे. एका माणसाच्या चारही उत्तरांत एकच आकडा असेल, आणि असे फॉर्म निम्म्याहून जास्त असतील, तर आपण मीटिंग मोजलेली नाही, साहेबांची लोकप्रियता मोजली आहे.

यावर इलाज दोन. पहिला असा की वर्षाबद्दल न विचारता आत्ता संपलेल्या मीटिंगबद्दल विचारायचं, माणसं जागेवर परत जाण्याआधी. दुसरा म्हणजे मत न विचारता घडलेली गोष्ट विचारायची. ‘साहेब सर्वांना सामावून घेतात का’ हे मत झालं. त्याऐवजी प्रत्येक आकड्यासमोर त्या आकड्याचा अर्थ लिहायचा. सामावून घेण्याच्या प्रश्नाला 1 म्हणजे ‘माझ्या विभागाचा विषय निघाला, पण मला कुणी विचारलं नाही’. 3 म्हणजे ‘मी बोललो, पण त्यावर काही न होता विषय पुढे गेला’. 5 म्हणजे ‘माझ्या मुद्द्यावर हो किंवा नाही, काहीतरी ठोस उत्तर मिळालं’. वागणुकीला असे आकडे बांधायची पद्धत पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडॉल यांनी 1963 साली मांडली. एक गोष्ट इथे नीट पाहावी. 5 मिळवायला साहेबांनी सूचना मान्य करण्याची गरज नाही. नकार दिला आणि तो कारणासकट दिला, तरी 5 मिळू शकतात. सामावून घेणं म्हणजे सगळ्यांचं ऐकून तसंच करणं नव्हे, हे फॉर्मवरच लिहिलेलं असलं की साहेबांनाही तो अन्यायाचा वाटत नाही.

अजेंड्याबद्दल ‘अजेंडा मिळाला होता का’ असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. मागच्या आठवड्याची फाइल उघडून तारीख बदलली की अजेंडा तयार होतो, आणि तो सगळ्यांना वेळेवर मिळतोही. नुसता अजेंडा असल्यानं बसलेल्यांना मीटिंग बरी वाटते असं दिसत नाही, असं रोगेलबर्ग यांनीही नोंदवलं आहे. कामाचा प्रश्न असा: ‘आज येताना माझ्याकडून काय हवं आहे, माहिती, मत की निर्णय, हे मला ठाऊक होतं.’ अजेंड्यात ‘रिजेक्शन’ एवढंच लिहिलं असेल तर क्वालिटीच्या बाई आकडे घेऊन येतील, पण ‘तिसऱ्या लाइनवरचं रिजेक्शन थांबवायला लाइन एक पाळी बंद ठेवायची का?’ असं लिहिलं असेल तर त्या तयारीनं येतील, आणि प्लॅनिंगवालाही डिस्पॅचच्या तारखा तपासून येईल. हा फरक बसलेल्या माणसालाच जाणवतो, म्हणून त्यालाच विचारायचा.

वेळेच्या प्रश्नात तर मार्क नकोतच, मिनिटं हवीत. ‘आजच्या मीटिंगमधली साधारण किती मिनिटं तुमच्या कामाची होती?’ डिस्पॅचचा माणूस लिहितो 10. सेफ्टीवाला लिहितो 5. प्रॉडक्शन लिहितं 50. दहा माणसं एक तास बसली की दहा माणूस-तास जातात, वर्षाला पाचशेच्या घरात. या पाचशेतले किती कुणाच्या कामाचे होते, हे या एका प्रश्नातून कळतं, आणि उपायही त्यातच असतो: डिस्पॅच आणि सेफ्टीचे विषय पहिल्या पंधरा मिनिटांत घ्या आणि त्या दोघांना जाऊ द्या. दुसरी गोष्ट, वेळ कुठल्या विषयावर गेला. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी आपल्या 1957 सालच्या पुस्तकात एका कल्पित समितीची हकीगत रंगवली आहे. अणुभट्टीचा एक कोटी पौंडांचा खर्च ती अडीच मिनिटांत मंजूर करते आणि 350 पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास घालवते, कारण सायकल शेड सगळ्यांना कळते. आपल्या मंगळवारी ती जागा पार्किंग किंवा कँटीन घेते. म्हणून फॉर्मवर आणखी एक ओळ: ‘सर्वांत जास्त वेळ ज्या विषयाला गेला, तो आजचा सर्वांत महत्त्वाचा विषय होता का?’ हो किंवा नाही.

आता मंगळवार उजाडला. लागोपाठ तीन मीटिंगांनंतर कागदाची चिठ्ठी वाटली. दर आठवड्याला वर्षभर वाटली तर लोक डोळे मिटून गोल करू लागतात, एकदाच वाटली तर तो दिवस नेमका ब्रेकडाउनचा असू शकतो. तीन बरे. चिठ्ठीवर फक्त खुणा करायच्या, हस्ताक्षर नको, कारण नऊ माणसांत अक्षर ओळखू येतं. फोनवरच्या दोघांसाठी गुगल फॉर्म केला तर त्यात ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, हे आधी तपासायचं. पण फक्त दोघांसाठी वेगळा फॉर्म म्हणजे दोघांना उघडं पाडणं, म्हणून मग सगळ्यांनाच फॉर्म द्यावा. उत्तरं एचआरकडे जातात, साहेबांकडे जातात ते फक्त एकत्र केलेले आकडे. पाचपेक्षा कमी उत्तरं आली तर आकडे द्यायचेच नाहीत. जे मोकळं लिहिलेलं असेल ते एचआरनं स्वतःच्या शब्दांत मांडायचं. ‘आमच्या शिफ्टचं कोण ऐकतंय’ या चार शब्दांतून माणूस सापडतो. आपल्याकडे साहेबांना मार्क द्यायचे ही कल्पनाच अनेकांना अवघड जाते, आणि ज्याला भीती वाटते तो सगळीकडे 4 लिहून मोकळा होतो. गुप्तता पाळली नाही, तर फॉर्ममध्ये 4 सोडून काही सापडणार नाही.

त्याआधी साहेबांनीही तोच फॉर्म स्वतःबद्दल भरून पाकिटात बंद करून ठेवला. ही पायरी मला फार मोलाची वाटते. नंतर आकडे समोर आले की ‘मला हे माहीतच होतं’ म्हणायची सोय उरत नाही.

पाकीट उघडलं. सामावून घेण्यात साहेबांनी स्वतःला 5 दिले होते. नऊ जणांची सरासरी आली 3.67. पाचपैकी साडेतीनच्या वर, म्हणजे बरं आहे की, असं कुणालाही वाटेल. पण सुटे आकडे असे होते: पाच जणांनी 5 दिले, एकानं 4, एकानं 2 आणि दोघांनी 1. बेरीज 33, भागिले 9. शेजारच्या प्लांटमध्ये सहा जणांनी 4 आणि तिघांनी 3 दिले असते, तरी बेरीज 33 च आली असती आणि सरासरी तीच 3.67. दोन मीटिंगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेजारच्या प्लांटमध्ये सगळ्यांना थोडंफार ऐकलं गेल्यासारखं वाटतं. आपल्या प्लांटमध्ये सहा जण गप्पांत रमलेले आहेत आणि तिघं भिंतीला टेकून बसले आहेत. अजेंडा किंवा वेळ यांची सरासरी काढली तर फारसं बिघडत नाही, कारण त्या गोष्टी सगळ्यांना जवळजवळ सारख्याच भेटतात. सामावून घेणं मात्र प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं येतं, आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांचाच आकडा तिथे खरा. म्हणून तिथे सरासरी दाखवू नये. किती जणांनी 1 किंवा 2 दिले, एवढं दाखवावं: नवापैकी तीन.

उत्तर न आलेल्या चिठ्ठ्यांचंही असंच. नवापैकी सहाच आल्या आणि सरासरी 4.5 आली, तर आनंद होऊ नये. ज्याला मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही, तो फॉर्मही भरत नाही.

साहेबांच्या मनात पहिला प्रश्न उठतो: हे तिघं कोण? हा प्रश्न मनातच राहायला हवा. त्यांनी चेहऱ्यांवर शोध सुरू केला, कॉरिडॉरमध्ये एखाद्याला ‘तुला काही अडचण आहे का’ विचारलं, तर पुढच्या वेळी नऊच्या नऊ 4 येतील. एचआरनंही फोनवरच्यांचे आणि खोलीतल्यांचे आकडे वेगळे काढून देऊ नयेत, कारण फोनवर दोघंच आहेत. मग पुढे जायचं कसं? इथे मतं बाजूला ठेवून मोजणी करायची. सगळ्यांना सांगून एका मीटिंगला एचआरचा माणूस घड्याळ घेऊन बसला आणि कोण किती बोललं ते लिहीत गेला. साठ मिनिटांत साहेब 30, प्रॉडक्शन 13, मेंटेनन्स 8. उरलेल्या सात जणांत मिळून 9 मिनिटं. फोनवरून एकही शब्द आला नाही. एकदा आवाज आला होता, पण तेव्हा खोलीत दोघं एकाच वेळी बोलत होते.

टिपणात दुसरीही एक नोंद होती, आणि महाराष्ट्रातल्या कारखान्यांत ती मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. मीटिंग मराठीत सुरू झाली. दहाव्या मिनिटाला प्रेझेंटेशन लागलं आणि बोलणं इंग्रजीत गेलं, मध्येच हिंदीत आलं, आणि शेवटपर्यंत इंग्रजीतच राहिलं. त्यानंतर स्टोअर्सच्या माणसानं तोंड उघडलं नाही. त्याला इंग्रजी कळतं, पण भरल्या टेबलावर इंग्रजीत हरकत घ्यायला जो धीर लागतो तो वेगळा. त्याच्याकडे कच्च्या मालाचा साठा किती दिवस पुरेल याचं उत्तर होतं, आणि त्या दिवशी तो प्रश्न निघाला तेव्हा प्रॉडक्शननं अंदाजानं उत्तर दिलं. त्या तिघांत स्टोअर्सवाला होता की नव्हता, हे कुणाला कळण्याची गरज नाही. मोजणी जे दाखवते ते सुधारायला पुरेसं आहे.

पाठपुराव्याचा आकडा उलट बाजूनं फसवत होता. तिथे सरासरी होती 4.2 आणि साहेब खुश होते. मिनिट्स दर मंगळवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मेलवर येतात, शिस्तीत, तक्त्यात. लोक त्या मेलला मार्क देत होते. पाठपुरावा खरा झाला का, हे त्या दिवशी मीटिंग संपताना कुणालाच सांगता येत नाही, ते पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या मंगळवारी कळतं. म्हणून या बाजूचा प्रश्न मागच्या मीटिंगबद्दल विचारायचा: ‘मागच्या वेळी ठरलेली कामं झाली की नाही, याचा हिशेब आज घेतला गेला का?’ आणि उत्तरं मिनिट्सच्या फाइलशी ताडून पाहायची. एचआरनं मागच्या सहा आठवड्यांची मिनिट्स काढली. ‘ठरलं’ असं लिहिलेल्या 24 नोंदी सापडल्या. त्यातल्या 15 समोर माणसाचं नाव होतं. नाव आणि तारीख दोन्ही फक्त 10 समोर. बाकीच्यांत ‘संबंधितांनी पाहावे’, ‘लवकरात लवकर’ असं होतं. त्या 10 पैकी 7 कामं वेळेत झालेली होती. म्हणजे कामं होत नव्हती असं नाही. ज्या कामाला नाव आणि तारीख मिळाली ते बहुतेक झालं, ज्याला मिळाली नाही ते पुढच्या आठवड्याच्या मिनिट्समध्ये त्याच शब्दांत पुन्हा उगवलं. ही मोजणी अर्ध्या तासाची आहे, आणि तिला कुणाच्याही मताची गरज लागत नाही. माणसांना फक्त जे माणसांनाच कळतं ते विचारावं. जे कागदावर सापडतं ते कागदावरच शोधावं.

हे सगळं साहेबांच्या माथी मारतानाही एक विचार करायला हवा. त्या तीन मंगळवारांपैकी एका दिवशी ग्राहक कंपनीचा फोन आला आणि वीस मिनिटं मोडली. मीटिंगची वेळ 10 ही वरून ठरलेली आहे. फोनच्या लाइनचा आवाज खरखरतो, ते आयटीकडे आहे. मीटिंग घेण्याचं कौशल्य यात मोडत नाही. फॉर्ममध्ये एक प्रश्न असावा: ‘आज मीटिंगच्या हाताबाहेरचं काही घडलं का?’ ज्या दिवशी निम्म्यांनी हो म्हटलं, तो दिवस हिशेबात घ्यायचा, पण त्यावरून साहेबांना मार्क द्यायचे नाहीत. पगारवाढीशी तर हे आकडे जोडूच नयेत, या मतावर मी ठाम आहे. जोडले की मीटिंगला चहासोबत समोसे येतात, कठीण विषय पुढच्या तिमाहीत जातात, आणि मार्क वाढतात. ज्या मंगळवारी रिजेक्शनचा खरा दोष कुणाचा हे ठरवायचं असतं, त्या मंगळवारी कुणी खुश होऊन बाहेर पडत नाही. चांगला व्यवस्थापक तो मंगळवार टाळत नाही, आणि त्याबद्दल त्याचा पगार कापला जाता कामा नये.

लहान गटाची आणखी एक मर्यादा आहे. नऊ जणांत एका माणसानं 3 ऐवजी 5 दिले, तर सरासरी 0.22 नं हलते. म्हणजे या महिन्यात 3.6 आणि पुढच्या महिन्यात 3.8, हा बदल एका माणसाची त्या दिवशीची झोप असू शकतो. त्यावर आलेख काढून प्रगती दाखवणं ही फसवणूक आहे, हेतू चांगला असला तरी.

साहेबांनी नऊ जणांसमोर आकडे वाचून दाखवले, स्वतःचे 5 सुद्धा. कोण कोण, हे विचारलं नाही. तीन गोष्टी बदलल्या. अजेंड्यातले विषय प्रश्नाच्या रूपात लिहायचे आणि प्रत्येकासमोर कुणाकडून काय हवं ते लिहायचं. प्रत्येक विषयात साहेबांनी शेवटी बोलायचं, आणि त्याआधी फोनवरच्यांना नाव घेऊन विचारायचं. स्लाइड इंग्रजीत असली तरी चर्चा मराठीत किंवा हिंदीत, बोलणाऱ्याच्या सोयीनं. शिवाय रात्रपाळीचा विषय पहिला, म्हणजे तो सुपरवायझर सव्वादहाला झोपायला जाऊ शकेल.

आठ आठवड्यांनी पुन्हा तीन मंगळवार चिठ्ठ्या वाटल्या. सामावून घेण्याच्या प्रश्नाला एकानं 5 दिले, पाच जणांनी 4, तिघांनी 3. बेरीज 34, सरासरी 3.78. नुसती सरासरी पाहणाऱ्याला वाटेल, काही घडलंच नाही. पण 1 आणि 2 संपले होते. आणि 5 देणारे पाचाचे एक झाले होते, कारण पूर्वी ज्यांच्याकडे वेळ जात होता, त्यांच्याकडून तो थोडा थोडा काढून घेतला गेला होता. त्यातल्या एका चिठ्ठीवर तक्रारही होती: मीटिंग पूर्वीसारखी मोकळी राहिली नाही. त्याच मंगळवारच्या मिनिट्समध्ये कच्च्या मालाच्या साठ्यासमोर नाव होतं स्टोअर्सचं, तारीख होती पुढच्या शुक्रवारची, आणि दिवसांचा आकडा प्रॉडक्शनच्या अंदाजापेक्षा चारनं कमी होता.